घरच्या ग्रुपवरचं रिझल्टचं मीम का टोचतं?

प्रश्न: रिझल्टचे मीम मित्रांच्या ग्रुपवर आले की मी पोट धरून हसते. तेच बाबांनी घरच्या ग्रुपवर टाकलं की रडू येतं. मी फारच मनाला लावून घेते का?

नाही गं. मी शाळेत समुपदेशक आहे आणि निकालाची तारीख जाहीर झाली की मुलं मोबाइल पुढे करून हीच तक्रार सांगतात.

मागे एका मुलीने दाखवलेलं मीम सांगते. निकालाची साइट उघडत नाहीये, स्क्रीनवर गोल फिरतोय, मुलाला घाम फुटलाय आणि मागे दारात हाताची घडी घालून बाबा उभे आहेत. मैत्रिणींच्या ग्रुपवर ते आलं तेव्हा सगळ्यांचाच निकाल लागायचा होता. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. एकीने "मेले मी" लिहिलं, की खाली "मी पण, मी पण" सुरू. भीती सगळ्यांत विभागली गेली, म्हणून हसू आलं.

त्याच संध्याकाळी तिच्या बाबांनी तेच मीम घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, "उद्या कळेलच!" आता दारात उभा असलेला माणूसच चित्र पाठवत होता. काका-मावशींनी हसरे चेहरे टाकले, आत्याने विचारलं, "किती टक्के येणार?" त्या ग्रुपमध्ये निकाल एकटीचाच होता. चेष्टेला चेष्टेने उत्तर दिलं तर उलट बोलणं, गप्प बसलं तर "इतकं काय लागलं तुला?" खरी अडचण ही आहे. चेष्टा झेपते ती उलट करता येते तेव्हा.

यात बाबांचा हेतू वाईट असतोच असं नाही. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली चेष्टेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: चेष्टा करणाऱ्याला स्वतःचा प्रेमळ हेतू ठाऊक असतो, त्यामुळे समोरच्यालाही तो कळला असेल असं तो धरून चालतो. समोरच्याला मात्र फक्त शब्द ऐकू येतात, आणि "अगं, गंमत केली" म्हटल्यानेही फारसा फरक पडत नाही. समोरासमोर आवाज आणि चेहरा तरी असतो. फॉरवर्डमध्ये तेही नाही.

त्या मुलीच्या बाबांशी मी बोलले, तर त्यांनाच दोन रात्री झोप नव्हती. मुलीशी काय बोलावं सुचेना, म्हणून वातावरण हलकं करायला ते मीम टाकलं होतं. पालकांच्या मीममध्ये पुष्कळदा त्यांची स्वतःची धास्ती असते, पण ती मुलांपर्यंत पोचते अपेक्षा म्हणून.

तिने शेवटी बाबांना वेगळा मेसेज केला: "बाबा, मला रिझल्टचं टेन्शन आहे. मीम मला एकटीला पाठवा, मी पण तुम्हाला पाठवते. सगळ्यांसमोर नको." यातलं "मी पण पाठवते" मला फार आवडलं, कारण तिथे दोघं बरोबरीला आले. तूही असंच काहीतरी लिही, पण निकालाच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नकोस. तेव्हा सगळेच ताणलेले असतात आणि साधं वाक्यही भांडण होतं. "तुम्ही नेहमी असंच करता" अशी सुरुवातही नको. त्यावर ते स्वतःची बाजू मांडत बसतील आणि मूळ मुद्दा राहून जाईल.

मित्रांचा ग्रुपही कायम सुरक्षित नसतो, हेही ध्यानात ठेव. निकाल लागला की सगळे एका पातळीवर राहत नाहीत. 90 टक्के मिळालेली मुलगी सवयीने "संपलं माझं आयुष्य" असं मीम टाकते, आणि 55 मिळालेला मुलगा ते वाचून ग्रुप म्यूट करतो. निकालानंतरचे दोन-तीन दिवस स्वतःच्या गुणांवरचं मीम टाकायच्या आधी ग्रुपमध्ये कोण आहे ते आठव.

आणि कुणाचे मीम बदलले तर लक्ष दे. आधी "आपण सगळे बुडणार" असायचं, आता फक्त "मी". विषय एकच, रात्री उशिरा, इतरांच्या विनोदाला उत्तर नाही, किंवा आपण नसलेलंच बरं असा सूर. तिथे हसरा चेहरा टाकू नकोस. फोन कर आणि सरळ विचार, "मरावंसं वाटतंय का तुला?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, किंवा टाळाटाळ झाली, तर त्याला एकटं सोडू नकोस आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच वेळी सांग. त्याने कुणाला न सांगण्याची शपथ घातली असली तरी सांग.