अश्वगंधेचा भाव वाळवणीवर ठरतो

‘मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी न शोधता घरच्या दोन एकरांत अश्वगंधा लावायची म्हणते. माल विकला जाईल का? यात करिअर होतं का?’ – एक पालक

मागणी आहे, पण ती अश्वगंधेच्या वाळलेल्या, स्वच्छ मुळांना आहे. आयुर्वेदिक औषधं आणि अर्क बनवणारे कारखाने माल आधी प्रयोगशाळेत तपासतात, म्हणून मुलीला लागवडीइतकंच काढणीनंतरचं कामही शिकावं लागेल.

पेरणीनंतर साधारण 150 ते 180 दिवसांनी पानं वाळू लागतात आणि फळं लाल होतात. तेव्हा मुळं न तुटू देता झाडं उपटायची आणि खोड मुळापासून वेगळं करायचं. पानं किंवा खोडाचे तुकडे मुळांत राहिले तर माल नाकारला जातो, कारण त्यांतले घटक मुळांपेक्षा वेगळे असतात. मुळं पटकन धुवायची, भिजत ठेवायची नाहीत. मग सात ते दहा सेंटिमीटरचे तुकडे करून ताडपत्रीवर पातळ पसरायचे. मातीवर वाळवलेल्या मालात वाळू राहते. औषधांचे अधिकृत निकष देणाऱ्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, मूळ जाळून उरलेल्या आणि आम्लात न विरघळणाऱ्या राखेची मर्यादा एक टक्का आहे, आणि वाळू नेमकी तिथेच पकडली जाते.

सगळ्यांत मोठी चूक ओलाव्याची. समजा, 100 किलो ओल्या मुळांत 35 किलो कोरडा भाग आहे. ओलावा दहा टक्क्यांवर आणला तर सुमारे 39 किलो माल मिळतो; 18 टक्क्यांवर थांबलं तर सुमारे 43. चार किलो जास्त दिसतात, पण ते पाणी आहे. अशा पोत्यात बुरशी धरते आणि मग अख्खा माल परत येतो. नीट वाळलेलं मूळ वाकवलं की कट्‌कन मोडतं आणि आत पांढरं दिसतं. वाकून चिवट राहिलं तर अजून वाळवायला हवं.

नंतर प्रतवारी. जाड, भरीव, पांढरी मुळं वेगळी. बारीक, पोकळ, पिवळसर वेगळी. सगळं एकत्र ओतलं की भाव खालच्या प्रतीचा मिळतो. भुकटी करून विकायचा मोह टाळावा, असं माझं ठाम मत आहे. मूळ डोळ्यांनी ओळखता येतं, पण भुकटीत काय मिसळलंय हे ग्राहकाला दिसत नाही, त्यामुळे अनोळखी शेतकऱ्याची भुकटी संशयाने पाहिली जाते.

मुलीला माझा सल्ला: पहिल्या हंगामात अर्धाच एकर पेरावा आणि उरलेल्या जमिनीत नेहमीचं पीक घ्यावं. पेरणीआधी दोन-तीन खरेदीदारांकडून मालाचे निकष लेखी मागवावेत: ओलावा किती, राख किती, विथॅनोलाइड किती, तुकड्यांची लांबी किती. विथॅनोलाइड हे अश्वगंधेतले मुख्य घटक, आणि अर्क बनवणारे त्यांच्या टक्केवारीवर भाव देतात. त्याच वर्षी अर्काच्या कारखान्यात कच्चा माल तपासण्याच्या विभागात काही महिने काम मिळालं तर घ्यावं. शेत आणि प्रयोगशाळा दोन्ही समजणारी माणसं अशा कारखान्यांच्या खरेदी विभागांना लागतात, म्हणजे शेती जमली नाही तरी नोकरीची वाट राहील. निकष लेखी मिळाले नाहीत तर यंदा बी विकत घेऊ नये.