पैसे थकवणाऱ्या क्लायंटला काम थांबवल्याचं पत्र

प्रश्न: क्लायंट दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणतो. काम सोडत असल्याचं पत्र कसं लिहू?

उत्तर: पत्रात राग किंवा कारणमीमांसा नको, तारखा आणि रकमा लिहा: ‘लोगोच्या अंतिम फाइल्स ३ मार्चला ईमेलने दिल्या. बिल ₹१८,०००, अजून बाकी. आजपासून मी नवीन काम घेत नाही. अर्धवट ब्रोशरच्या मूळ फाइल्स पूर्ण रक्कम जमा झाल्यावर देईन.’

फाइल्स दिल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या ‘एमएसएमईडी कायदा, २००६’ प्रमाणे काम मिळाल्यापासून १५ दिवसांत क्लायंटने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात. पैसे देण्याची मुदत लेखी ठरली नसेल तर १५ दिवस, ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मुदतीचा आणि व्याजाचा हा नियम कलम १५ आणि १६ मध्ये आहे. पत्रात दोन्हींचा उल्लेख जरूर करा, कारण नुसत्या विनंतीपेक्षा अकाउंट्स विभाग याची दखल लवकर घेतो.

मात्र या कायद्याचा आधार घ्यायचा, तर तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, ते काम घेण्याआधीची हवी. आज केलेली नोंदणी जुन्या बिलांसाठी भरवशाची नाही.