ग्लायकोलिसिसचा जमाखर्च: 2 एटीपी, 4, 7 की 8?

प्रश्न: मी निपाणीत बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे बायोकेमिस्ट्रीचा इंग्रजी धडा वाचताना दमछाक होते. ग्लायकोलिसिसमध्ये एका पुस्तकात 4 एटीपी, दुसऱ्यात 2, सरांच्या नोट्समध्ये 8 आणि सीनियरच्या वहीत 7 आहेत. खरं काय? पायऱ्या एकेक करून कुणी सांगेल का?

चारही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येकानं हिशेब वेगळ्या ठिकाणी थांबवलाय. 4 ही नुसती जमा. त्यातून खर्च वजा केला की 2 उरतात. 7 आणि 8 मध्ये एनएडीएचची किंमतही धरलेली आहे, पण ती वसूल होते पुढे मायटोकाँड्रियात, ग्लायकोलिसिसमध्ये नव्हे. पेपरात "नेट एटीपी" विचारलं तर 2 लिहा, आणि शेजारी 2 एनएडीएच लिहायला विसरू नका.

मी बेळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे आधी कागदावर हिशेब मांडतो आणि मग तो रक्ताच्या नळीत खरा उतरतो का ते बघू. वहीच्या समासात दोन रकाने आखा, एक एटीपीचा, एक एनएडीएचचा. दोन्हीत शून्य.

ग्लुकोज सहा कार्बनचा. पेशीत शिरल्याबरोबर हेक्सोकायनेज एक एटीपी मोडून त्यावर फॉस्फेट चिकटवतं आणि ग्लुकोज-6-फॉस्फेट होतं. फॉस्फेटवर विद्युतभार असल्यामुळे ही साखर आता पेशीच्या पडद्यातून बाहेर पडू शकत नाही, म्हणजे पहिला एटीपी तिला कोंडून ठेवण्यासाठी गेला. एटीपी उणे 1. दुसऱ्या पायरीत फक्त रचना बदलते आणि फ्रुक्टोज-6-फॉस्फेट होतं, तिथे देणंघेणं काही नाही. तिसऱ्या पायरीत फॉस्फोफ्रुक्टोकायनेज दुसरा एटीपी खर्च करून फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट बनवतं. एटीपी उणे 2. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी उचल द्यावी लागते, तशी ही उचल समजा. या पायरीवरून माघार नाही आणि पेशी मार्गाचा वेगही मुख्यतः इथेच आवरते: एटीपी भरपूर असेल तर हेच विकर मंदावतं.

चौथ्या पायरीत अल्डोलेज त्या सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करतं. एक ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेट, दुसरा डायहायड्रॉक्सिअॅसिटोन फॉस्फेट. पुढे फक्त पहिलाच जाऊ शकतो, म्हणून पाचव्या पायरीत दुसऱ्याचंही त्याच्यातच रूपांतर होतं. इथे वहीत एक आडवी रेघ मारा आणि "गुणिले 2" असं ठळक लिहा. एका ग्लुकोजमागे इथून खालची प्रत्येक गोष्ट दोनदा घडते. ही रेघ विसरली की शेवटी उत्तर शून्य येतं आणि मुलं पुस्तकालाच चूक ठरवतात.

सहावी पायरी सावकाश वाचा, सगळी कमाई तिथे ठरते. ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेटचं ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन एनएडी प्लस उचलतं आणि एनएडीएच होतं. त्या ऑक्सिडीकरणातून सुटणाऱ्या ऊर्जेवर रेणूला आणखी एक फॉस्फेट जोडलं जातं आणि 1,3-बिसफॉस्फोग्लिसरेट तयार होतं. आता हे फॉस्फेट आलं कुठून? एटीपीतून नाही. पेशीच्या पाण्यात सुटं असलेलं अकार्बनी फॉस्फेट इथे उचललं जातं. पुष्कळ वह्यांत या ठिकाणी आणखी दोन एटीपी खर्ची टाकलेले दिसतात, ते चूक. एटीपीचा रकाना उणे 2 वरच राहतो आणि एनएडीएचच्या रकान्यात अधिक 2 येतात.

सातव्या पायरीत हेच नवं फॉस्फेट एडीपीला दिलं जातं आणि एटीपी तयार होतो. दोन तुकड्यांचे दोन, म्हणजे एटीपीचा रकाना शून्यावर आला, उचल फिटली. आठव्यात फॉस्फेट तिसऱ्या कार्बनवरून दुसऱ्यावर सरकतं. नवव्यात इनोलेज पाण्याचा एक रेणू काढून घेतं आणि फॉस्फोइनोलपायरुव्हेट बनतं. या दोन्हींत जमाखर्च नाही, पण नववी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय. दहाव्या पायरीत पायरुव्हेट कायनेज उरलेलं फॉस्फेट एडीपीला देतं आणि आणखी दोन एटीपी मिळतात. शेवटची ओळ: एटीपी अधिक 2, एनएडीएच अधिक 2, आणि तीन कार्बनचे दोन पायरुव्हेट.

हिशेब जुळला का ते तपासायला फॉस्फेट मोजा. आत आलेली फॉस्फेटं चार: दोन एटीपीतून, दोन सहाव्या पायरीत फुकटची. बाहेर पडलेली चार, चारही एटीपी होऊन. म्हणजे निव्वळ नफ्याचे 2 एटीपी हे सहाव्या पायरीतल्या त्या दोन सुट्या फॉस्फेटांचेच. याचा पुरावा आर्सेनेटच्या विषबाधेत मिळतो. आर्सेनेट हुबेहूब फॉस्फेटसारखं दिसतं, ते सहाव्या पायरीत फॉस्फेटच्या जागी बसतं, पण तयार झालेला रेणू लगेच आपोआप तुटतो. सातव्या पायरीचे दोन एटीपी बुडतात, एनएडीएच मात्र नेहमीसारखं बनत राहतं. ग्लुकोज पायरुव्हेटपर्यंत पोचतो आणि पेशीच्या हाती शून्य एटीपी.

आता 7 आणि 8 चं. एनएडीएच मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यातून थेट जाऊ शकत नाही, त्याचे इलेक्ट्रॉन शटलमार्गे आत पोचवावे लागतात. यकृत, हृदय इथे मॅलेट-अॅस्पार्टेट शटल चालतं. जुन्या पुस्तकांत आतल्या प्रत्येक एनएडीएचचे 3 एटीपी धरत, म्हणून 2 अधिक 6, म्हणजे 8. आता 2.5 धरतात, म्हणून 2 अधिक 5, म्हणजे 7. सर आणि सीनियर यांच्यात भांडण नाही, आवृत्ती वेगळी आहे. ग्लिसरॉल फॉस्फेट शटल असेल तर नव्या हिशेबानं प्रत्येकी 1.5 च मिळतात आणि एकूण 5 होतात. त्यामुळे कोणता दर धरलाय हे उत्तरात एका ओळीत लिहा.

तांबड्या रक्तपेशीत मात्र हे सगळं बाद, कारण तिच्यात मायटोकाँड्रियाच नाहीत. एनएडीएच साठत गेलं तर एनएडी प्लस संपेल आणि सहावी पायरीच अडेल. म्हणून ती पायरुव्हेटचं लॅक्टेट करते आणि त्यात एनएडीएचचं परत एनएडी प्लस होतं. तिच्या वहीत शेवटची ओळ अशी: एटीपी अधिक 2, एनएडीएच शून्य, लॅक्टेट 2. (तिच्यात सातवी पायरी चुकवून जाणारी एक आडवाटही आहे आणि तिनं गेलेल्या ग्लुकोजवर निव्वळ एटीपी मिळत नाही. ती इथे बाजूला ठेवू.)

हे सगळं नळीत दिसतं. समजा खानापूरकडच्या एका कलेक्शन सेंटरवर सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं आणि त्या क्षणी साखर डेसिलिटरमागे 135 मिलिग्रॅम होती. नळी साधी, काही न घातलेली. ती गाडीनं बेळगावात येऊन मशीनवर चढेपर्यंत तीन तास गेले. पेशी नळीतही जिवंत असतात आणि खोलीच्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के ग्लुकोज खातात. तीन तासांनी रिपोर्ट येईल 108 ते 116 च्या दरम्यान. उपाशीपोटी 126 आणि वर म्हणजे मधुमेह, 100 ते 125 म्हणजे सीमेवरचा. माणूस तोच, रक्त तेच, पण निदान बदललं. साखर 18 नं उतरली तर लिटरमागे 1 मिलिमोल ग्लुकोज गेला आणि त्याजागी 2 मिलिमोल लॅक्टेट आलं, हा तोच "गुणिले 2".

म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी वापरतात. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं आणि ते नवव्या पायरीतल्या इनोलेजला अडवतं. शिवाय पोटॅशियम ऑक्झलेट असतं, ते रक्त गोठू नये म्हणून. आता गंमत बघा. राखाडी नळीतही पहिला तास-दोन तास साखर जवळजवळ साध्या नळीइतकीच उतरते, आणि मग थांबते. नवीन आलेले टेक्निशियन म्हणतात नळी खराब आहे. नळी चांगली असते, उत्तर आपल्या समासात आहे.

नववी पायरी बंद झाली म्हणजे दहावीचे दोन एटीपी बुडाले. पण ग्लुकोज खर्ची पडतो तो पहिल्या पायरीत, आणि ती चालूच आहे. पेशीत आधीचा एटीपी शिल्लक आहे, सातव्या पायरीतून दोन परत मिळतात, तोवर हेक्सोकायनेज ग्लुकोज कोंडत राहतं. फक्त नफा आता शून्य आहे, आणि पेशीला सोडियम-पोटॅशियमच्या पंपासाठी एटीपी लागतोच, त्यामुळे शिल्लक घटत जाते. वर पायरुव्हेट बनत नसल्यानं लॅक्टेटही बनत नाही, एनएडी प्लस परत येत नाही आणि सहावी पायरीही रुतते. मग सातवीचे दोनही गेले. एटीपी संपला की पहिल्या पायरीला घालायला काही उरत नाही, आणि साखर तिथेच स्थिर राहते. आपल्या 135 च्या नमुन्यात हे सगळं होईपर्यंत आकडा थोडाफार उतरलेला असतो.

सायट्रिक आम्ल आणि सायट्रेट घातलेल्या नळीचा फरक यावरूनच कळतो. ती रक्त आम्लधर्मी करते आणि आम्लात हेक्सोकायनेज व फॉस्फोफ्रुक्टोकायनेज मंदावतात, म्हणजे पहिली आणि तिसरी पायरी, उचल देण्याच्याच दोन जागा. तिथे ग्लुकोज आतच घेतला जात नाही, म्हणून साखर लगेच थांबते. अशी नळी नसेल तर आम्ही सेंटरवाल्यांना सांगतो, नमुना बर्फात ठेवा आणि जमेल तितक्या लवकर फिरवून प्लाझ्मा पेशींपासून वेगळा करा. पेशीच नसल्या तर ग्लुकोज खाणार कोण?