त्यांनी काय सुचवलं नाही ते बघ

तू विचारलंयस की काकांचं ऐकू का त्या फी घेणाऱ्या मॅडमचं. काका बाबांचे जुने मित्र, फुकट सांगतायत, प्लॅन आणून समोर ठेवलाय. मॅडम सल्ल्याचेच पैसे मागतायत. आणि खाली लिहिलंयस, दोघंही प्रामाणिक वाटतात, मग ठरवू कसं?

अगं, दोघंही प्रामाणिक असतील. पण माणूस किती प्रामाणिक आहे हे बघत बसलीस तर यातून कधीच बाहेर पडणार नाहीस, कारण ते चेहऱ्यावरून कळत नाही आणि कळलं तरी उपयोग नाही. मी स्वतः बरीच वर्षं कमिशनवर काम केलंय. त्या काळात मी कोणाशी खोटं बोललो नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो, लोक मला अजून टोमणे मारतात तरी सांगतो. जे विकलं ते चांगलं आहे असं मला खरंच वाटायचं. फक्त ज्यात मला काही मिळणार नाही असा पर्याय माझ्या तोंडी यायचाच नाही. मी तो दाबून ठेवत होतो असंही नाही, तो सुचायचाच नाही. म्हणून तुला एकच गोष्ट सांगायचीय आणि पत्रभर तीच सांगणार आहे: त्यांनी काय सुचवलं याच्यावर डोकं खपवू नकोस, काय सुचवलं नाही ते बघ.

आता तुझाच हिशोब घेऊ. तू दिलेले आकडे मी सोपे करून शंभरावर आणलेत. तुझी शिल्लक १००. डोक्यावर कर्ज ६०, व्याज ११ टक्के. तुझ्या कमाईवर आज कोणी अवलंबून नाही. या पैशांचं तू काय काय करू शकतेस? कर्ज फेडू शकतेस. अडीअडचणीसाठी बँकेत ठेवू शकतेस. बाजाराच्या निर्देशांकाची नुसती नक्कल करणाऱ्या कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात स्वतःच टाकू शकतेस. काकांचा प्लॅन घेऊ शकतेस. मॅडमच्या हातात सगळं सांभाळायला देऊ शकतेस. किंवा सहा महिने काहीच न करता बसू शकतेस, तोही पर्यायच आहे. आता हे सगळे एका कागदावर एकाखाली एक लिही आणि प्रत्येकासमोर लिही की तू हे केलंस तर काकांना काय मिळेल, मॅडमना काय मिळेल.

काकांचा रकाना भरायला वेळच लागत नाही. प्लॅनसमोर कमिशन, बाकी सगळीकडे शून्य. प्लॅन काय आहे तर विमा आणि बचत एकत्र, दर वर्षी १० भरायचे, २० वर्षं, शेवटी ३१० मिळणार. काका म्हणाले २०० भर आणि ३१० घे, दीडपटीहून जास्त. ऐकायला छानच वाटतं गं. पण ते २०० तू एकदम भरत नाहीयेस, वर्षावर्षाला भरतेयस आणि पहिले १० तर पूर्ण २० वर्षं अडकून पडणारेत, तो सगळा हिशोब मांडला की परतावा वर्षाला साधारण ४ टक्के निघतो. म्हणजे एका हाताने ११ टक्के व्याज भरायचं आणि दुसऱ्या हाताने ४ टक्क्यांवर पैसे गुंतवायचे. वर विमा, तो कोणासाठी? तुझ्यामागे कोणाचं पोट अडणार आहे आज?

आणखी एक, अशा प्लॅनमध्ये बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा कमिशनला जातो, पुढच्या वर्षांत तो कमी होतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्लॅन सोडला तर भरलेल्यापेक्षा कितीतरी कमी परत मिळतं, ते मुख्यतः यामुळेच, कारण विकण्याचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. म्हणून कुठल्याही प्लॅनचा सरेंडरचा, म्हणजे मध्येच सोडल्यावर किती परत मिळेल याचा तक्ता आधी माग. लवकर बाहेर पडल्यावर जेवढं जास्त कापतात आणि जेवढी जास्त वर्षं कापतात, तेवढं समज की विकणाऱ्याला आधीच भरपूर दिलेलं असण्याची शक्यता आहे.

इथवर वाचून तू म्हणशील, म्हणजे मॅडम बरोबर. थांब जरा, घाई करू नकोस! त्यांचाही रकाना भर. त्यांनी सांगितलंय १०० माझ्याकडे द्या, मी सांभाळते, वर्षाला १ टक्का फी. कमिशन एक पैसाही नाही, आणि ते खरंच आहे. पण तू ६० चं कर्ज फेडलंस तर त्यांच्याकडे उरतात ४०, फी होते ०.४०. नाही फेडलंस तर फी १. तुझं कर्ज तसंच राहिलं तर त्यांना वर्षाला ०.६० जास्त आणि तुझ्या खिशातून जाणारं व्याज ६.६०. मॅडमनी कर्जाचा शब्द काढला का? तुझ्या पत्रात तरी कुठे दिसला नाही. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. पण काकांनी सुचवलं नाही तेच मॅडमनीही सुचवलं नाही, आणि दोघांच्याही रकान्यात त्या ओळीसमोर काही कमावण्यासारखं नाही. बघ म्हणजे, फी म्हटली की लगेच पवित्र होत नाही.

वर्षाचा तो १ टक्का दिसायला किरकोळ असतो म्हणून एकदाच आकडा देतो. १०० रक्कम ७ टक्क्यांनी ३० वर्षं वाढली तर ७६१ होते, ६ टक्क्यांनी वाढली तर ५७४. जवळजवळ पाव हिस्सा गेला. तो फी म्हणून गेला काय, फंडातून दर वर्षी एजंटला मिळणाऱ्या ट्रेल कमिशनमधून गेला काय, तुझ्यासाठी एकच. फरक एवढाच की फी तुला दिसते आणि ट्रेल फंडाच्या खर्चात मिसळलेलं असतं, म्हणून लोकांना ते फुकट वाटतं.

मग चांगला कोण? माझ्या मते जो आराखड्याची ठराविक फी घेतो किंवा तासाचे पैसे घेतो, आणि तू पैसे कुठेही ठेवलेस तरी ज्याला तेवढेच मिळतात. त्याच्या रकान्यात सगळ्या ओळींसमोर एकच आकडा येतो, म्हणून कर्ज फेड म्हणायला त्याचं काही जात नाही. त्यालाही काम लांबवायचा, साधी गोष्ट गुंतागुंतीची करायचा मोह असतोच, तोही हिशोबात धर. शिवाय फक्त फी घेणारा आणि फीसुद्धा घेणारा यात गोंधळू नकोस. काहीजण तुझ्याकडून फी घेतात आणि विम्याच्या कंपनीकडून कमिशनही घेतात आणि दोन्ही वेळा स्वतःला फी घेणारा सल्लागारच म्हणवतात. सरळ विचार, माझ्याशिवाय अजून कोणाकडून काही मिळतं का, पुढे कोणाकडे पाठवल्याबद्दलही मिळतं का.

तू लिहिलंयस की काकांनी कमिशन किती ते स्वतःहून सांगितलं म्हणून विश्वास बसला. सांगितलं हे चांगलं केलं. पण सांगितल्याने सल्ला बदलत नाही. भारतात २०१० मध्ये युलिपवरचं, म्हणजे ज्या विम्यातले पैसे बाजारात गुंतवतात त्यावरचं कमिशन ग्राहकाला सांगायचं बंधन आलं. त्या सुमारास काही संशोधकांनी ग्राहक बनवून माणसं विमा एजंटांकडे पाठवली होती. त्यांना दिसलं की नियम आल्यावर एजंट युलिप कमी सुचवू लागले आणि जिथे कमिशन सांगावं लागत नव्हतं अशा दुसऱ्या पॉलिसीकडे वळले. ज्याला साधा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेलं निव्वळ संरक्षण, पुरला असता त्यालाही बचतीचा महाग विमाच सुचवला जात होता.

आणि "काकांनी स्वतःसाठी पण हाच प्लॅन घेतलाय" हे तर कृपा करून पुरावा म्हणून देऊ नकोस. कॅनडातल्या सल्लागारांच्या स्वतःच्या गुंतवणुकीचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. ते ग्राहकांना जे महाग फंड देत होते आणि ज्या सारख्या उलाढाली करायला लावत होते, तेच स्वतःच्या पैशांनीही करत होते. मनापासून पटलं होतं त्यांना. मी जे वर स्वतःबद्दल म्हणालो ना, ते हेच. मनापासून पटलेला माणूस फसवत नसतो, पण म्हणून तुझं कर्ज काही कमी होत नाही.

आता दुसरी बाजू, कारण मला कमिशनचा द्वेष करणारी पोरं पण आवडत नाहीत. ब्रिटनने २०१२ च्या शेवटापासून गुंतवणुकीच्या नव्या सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं. नंतर तिथे चर्चा सुरू झाली ती ज्यांच्याकडे थोडेच पैसे आहेत त्यांना सल्ला कोण देणार याची, कारण छोट्या रकमेवर फी परवडत नाही. निव्वळ विमा संरक्षणावर कमिशन तिथेही चालू राहिलं. उद्या तुझ्यावर कोणी अवलंबून झालं आणि तुला फक्त टर्म विमा हवा असला, तर चांगला एजंट खुशाल गाठ. काय हवंय ते आधीच ठरलेलं असलं की त्याचं कमिशन तुझा निर्णय फिरवू शकत नाही, आणि क्लेमच्या वेळी कागदपत्रांना धावून येणारा माणूस मिळतो तो वेगळाच.

तर असं कर. काका आणि मॅडम दोघांनाही एकच मजकूर पाठव: "मी कर्ज फेडलं, किंवा पैसे बँकेत ठेवले, किंवा तुमचं सुचवलेलं घेतलं, तर प्रत्येक बाबतीत तुम्हाला पहिल्या वर्षी आणि पुढे दर वर्षी किती मिळेल, माझ्याकडून आणि इतर कोणाकडूनही? आणि कर्ज आधी फेडू नये असं वाटत असेल तर का?" उत्तर लेखी माग. तोंडी नको, तोंडी उत्तरात प्रेम फार असतं. उत्तरात तुझा ११ टक्क्यांचा आकडा घेऊन कोणी हिशोब मांडला तर त्या माणसाशी पुढे बोलण्यात अर्थ आहे, मग ते काका का असेनात. "अगं, कर्ज काय, फिटतंच हळूहळू" एवढंच आलं तर उत्तर मिळालं असं समज. काका रागावतील अशी भीती वाटत असेल तर बाबांना आधी सांगून ठेव, पण बाबांची मैत्री राखायला तू २० वर्षं हप्ते भरायचे हे मला अजिबात मान्य नाही आणि त्यावर मी माघार घेणार नाही.

कर्जाचे कागद काढून मुदतीआधी फेडल्यावर दंड किती आहे आणि व्याजावर करात काही सूट मिळते का तेवढं बघून मला कळव. दंड फार नसला तर चारेक महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून उरलेल्यातून आधी कर्जच फेड. माझी फी तुला माहीतच आहे, शून्य, पण माझ्याही नावाचा रकाना काढ त्या कागदावर, मला राग येणार नाही.