मोठ्या पावसात सोसायटीची सूचना: बेसमेंट, मीटर रूम आणि कामाचे फोन नंबर

प्रश्न: मुंबईतल्या आमच्या सोसायटीचा मी नवा सचिव आहे. बेसमेंट पार्किंग आहे, मीटर रूम तळमजल्यावर. जोरदार पावसात आवारात पाणी भरतं. रहिवाशांना ग्रुपवर एक छोटी, स्पष्ट सूचना पाठवायची आहे. मागच्या वर्षीची दोन पानांची होती, ती कोणी वाचलीच नाही. नेमकं काय लिहू?

उत्तर: मी सोसायट्यांच्या वायरिंगची आणि मीटर पॅनलची कामं करतो, त्यामुळे पाणी भरल्यावर माणसं काय करतात ते जवळून पाहिलं आहे. रहिवाशाला स्वतः जे करायचं किंवा टाळायचं आहे, तेवढंच सूचनेत असू द्या. कोणता स्विच कोणी बंद करायचा, ते कमिटी आणि वॉचमनसाठी वेगळ्या कागदावर लिहा. ‘विजेपासून सावध राहा’ असलं वाक्य तर गाळाच, त्यातून कोणालाच काही कळत नाही.

सगळ्यात वर बेसमेंट ठेवा. 2020 च्या ऑगस्टमध्ये मुंबई सेंट्रलजवळच्या एका इमारतीत दोन सुरक्षारक्षक पाणी किती आलंय ते बघायला लिफ्टने बेसमेंटमध्ये गेले आणि लिफ्टमध्येच बुडून मरण पावले. लिफ्टच्या खाली खड्डा असतो आणि बेसमेंटमधलं पाणी आधी त्यात उतरतं. खालच्या वायरिंगला किंवा दरवाजाच्या स्विचला पाणी लागलं की लिफ्ट जागीच थांबू शकते आणि दरवाजा उघडेलच असं नाही. वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्याला नेणारी सोय काही लिफ्टना असते, पण तो जवळचा मजला बेसमेंटही असू शकतो. म्हणून आवारात पाणी चढू लागलं की लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आणून, आत कोणी नाही याची खात्री करून, मशीन रूममधून बंद करायची. हे काम कोणाचं, ते आजच ठरवा.

आता वीज. मेन स्विच खाली केला की मीटर रूम सुरक्षित झाली, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बाहेरून येणारी वीज कंपनीची केबल आणि तिचा कटआउट, म्हणजे कंपनीचा फ्यूज, मेन स्विचच्या आधी असतात. ते जिवंतच राहतात, त्यांचा पुरवठा फक्त कंपनी तोडू शकते. म्हणजे मीटर रूमची फरशी ओली झाली असेल, तर मेन बंद करायलासुद्धा कोणी आत जायचं नाही. कंपनीला फोन करायचा आणि माणसांना लांब ठेवायचं. जनरेटर असेल तर तो ‘ऑटो’वरून काढून ठेवा. नाहीतर पुरवठा तुटल्यावर काही सेकंदांत तो सुरू होतो आणि पाण्यातल्या पंपाच्या, दिव्यांच्या तारांत पुन्हा वीज येते.

अडचण एकच, मेन बंद करायचा तो फरशी कोरडी असतानाच, आणि ती वेळ ओळखायची कशी? यासाठी गवंड्याची लेव्हल ट्यूब वापरा. पाणी भरलेल्या त्या पारदर्शक नळीने मीटर रूमच्या उंबऱ्याची उंची गेटच्या खांबावर आणा आणि तिच्या एक वीत खाली लाल रेघ मारा. तसंच बेसमेंटच्या रॅम्पवर जो उंचवटा असतो, त्याची पातळी आणून तिच्या एक वीत खाली पिवळी रेघ. पाणी पिवळ्या रेघेला लागलं की लिफ्ट बंद आणि बेसमेंट बंद. लाल रेघेला लागलं की मेन बंद. उंबरा उंचवट्यापेक्षा खाली असेल तर लाल रेघ आधी येईल, तेव्हा मेनच्या आधी लिफ्ट रिकामी करून बंद करायची. रात्री दोन वाजता वॉचमनला अंदाज बांधावा लागत नाही, हा मोठा फायदा.

मेन बंद केल्यावर ‘फ्यूज उडाला असेल’ म्हणून कोणीतरी खाली जाऊन तो परत चालू करतं, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. म्हणून वीज मुद्दाम बंद केली जाईल, हे रहिवाशांना आधीच सांगायला हवं. माझ्या मते सूचना अशी असावी:

> पावसाची सूचना
>
> बेसमेंटमधल्या गाड्या आज संध्याकाळी 6 पर्यंत बाहेर काढा. त्यानंतर गाडी किंवा सामान काढायला कोणीही खाली उतरू नका, लिफ्टनेही नाही आणि जिन्यानेही नाही.
>
> गेटच्या खांबावरच्या लाल रेघेपर्यंत पाणी आलं की कमिटी पूर्ण इमारतीची वीज बंद करेल. तो बिघाड नाही. मीटर रूमकडे जाऊ नका, स्विच परत चालू करू नका.
>
> घरात ऑक्सिजन मशीन किंवा विजेवरचं दुसरं वैद्यकीय उपकरण असेल तर आत्ताच सचिवांना कळवा.
>
> साचलेल्या पाण्यात दिव्याच्या खांबाला, पंपाला, लोखंडी गेटला हात लावू नका. पायाला झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा आणि पाय न उचलता, सरकवत, आलात त्याच बाजूने मागे फिरा.
>
> पाणी जावं म्हणून चेंबरचं झाकण उघडू नका.
>
> कोणाला शॉक लागला तर त्याला हाताने ओढू नका. वॉचमनला सांगून वीज बंद करवा, मग 108.
>
> पोलीस व इतर तातडीची मदत 112, अग्निशमन 101, रुग्णवाहिका 108, महापालिका आपत्कालीन कक्ष 1916. वीज कंपनी, सचिव, वॉचमन: …

झाकणाची ओळ कोणाला फालतू वाटली तरी काढू नका. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात प्रभादेवी भागात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून ते झाकण काढलेलं होतं. गढूळ पाण्यात उघडं चेंबर दिसत नाही.

वीज कंपनीचा नंबर तुमच्या बिलावर छापलेला असतो, तोच घाला आणि पाठवण्याआधी एकदा लावून बघा. जुन्या सूचनेतून उतरवलेले नंबर बंद पडलेले असू शकतात. 1916 हा मुंबई महापालिकेचा आहे, त्यामुळे दुसऱ्या शहरात कोणी ही सूचना वापरली तर तिथल्या पालिकेचा नंबर टाकावा.

सूचना पाणी भरल्यावर पाठवून उपयोग नाही. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की लगेच पाठवा. त्या दिवशी मोठी भरती असेल तर तिची वेळही वर लिहा, कारण भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर पाणी समुद्रात उतरत नाही आणि आवारात ते भराभर चढतं.

पाणी ओसरल्यावर लोक वीज चालू करण्याची घाई करतील, तेव्हा कमिटीने ठाम राहावं. पॅनलमध्ये पाणी शिरलं असेल तर ते बाहेरून कोरडं दिसलं तरी आत ओल आणि गाळ राहतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ते साफ करून, सुकवून, मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. तपासणी पास झाली की आधी जिन्याचे दिवे, मग घरं, आणि लिफ्ट कंपनीच्या माणसाने खड्डा बघितल्यावरच लिफ्ट. बेसमेंटचा पंप सुरू असताना त्यात अडकलेला कचरा कोणी हाताने काढायचा नाही, आणि पंपाच्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो या आठवड्यात बसवून घ्या.