पहाटे चारचा कॅन

"सर, नाइट शिफ्टला एनर्जी ड्रिंक पितो. लग्नाला आठ महिने झाले, पण ऐन वेळी शरीर साथ देत नाही. त्या कॅननं मर्दानगी गेली का माझी?"

मिरजेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य थोड्याफार फरकानं इतक्या वेळा ऐकलंय की, माणूस दारात घुटमळला तरी मला अंदाज येतो. कॅफिन थेट ताठरता मारतं, असं म्हणता येत नाही. नुकसान होतं ते आडवाटेनं, झोपेतून. म्हणून माझा पहिला प्रश्न बेडरूमबद्दल नसतो. मी विचारतो, शेवटचा कॅन किती वाजता?

कुपवाड एमआयडीसीतला हा एकोणतीस वर्षांचा ऑपरेटर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रात्री बाराला एक कॅन, पहाटे चारला दुसरा, मध्ये दोन-तीन चहा. सकाळी साडेआठला आडवा व्हायचा आणि बाराच्या आत टक्क जागा.

अडीचशे मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण 75 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि पाच-सहा चमचे साखर. कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच पाच-सहा तास लागतात. म्हणजे चारचा कॅन त्याच्यासोबत अंथरुणात शिरत होता.

"झोपेतून उठताना ताठरता असते?"

"पूर्वी असायची. आता नसते." मग थांबून म्हणाला, "दिवाळीला सासरवाडीत नऊ-दहा तास झोपलो, तेव्हा होती बघा."

मला हेच हवं होतं. स्वप्नांच्या झोपेत ताठरता आपोआप येते, आणि झोप पुढं सरकते तसा या झोपेचा वाटा वाढतो. साडेतीन तासांत उठणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती फार कमी येते. पण पोटभर झोपल्यावर ती परत येते, याचा अर्थ नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत. टेस्टोस्टेरॉनचंही तसंच, त्याची पातळी झोपेत चढते. तरुण निरोगी पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तेव्हा दिवसाची पातळी दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलेली एका अभ्यासात दिसली. एवढ्यानं कुणी निकामी होत नाही, पण इच्छा मंदावू शकते. तरी डॉक्टरांकडून रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायला लावला. दोन्ही ठीक निघाले.

तरीही कोडं पूर्ण सुटत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो बऱ्यापैकी झोपायचा आणि फसायचा मात्र त्याच रात्री. तिसऱ्या भेटीला बायको सोबत आली. मी सहज विचारलं, "सुट्टीला कॅन बंद असतो ना?"

तो गप्प. तीच म्हणाली, "जेवण झालं की एक पितात की."

"ताकद येईल म्हणून," तो पुटपुटला. "पण जवळ गेलं की छातीत धडधडतं. वाटतं, आज पण फसणार."

"कामावर कॅन पिल्यावर धडधडतं?"

"धडधडतं की."

"तिथं कुणाची भीती वाटते? मशीनची?"

आधी बायको हसली, मग तो. एवढ्या वर्षांत खोलीतली हवा अशी एका क्षणात बदललेली मी फार वेळा पाहिली नाही, आणि तो प्रश्न आपल्याला सुचला याचं मला आजही बरं वाटतं. धडधड कॅनची होती, त्यानं तिला भीतीचं नाव दिलं. एकदा भीती म्हटल्यावर शरीर खरंच घाबरतं, अॅड्रेनॅलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात. ताठरतेला तर त्या सैल व्हायला हव्यात. पुरुषाच्या मनात शिरण्याआधी त्याच्या शरीरात काय चाललंय ते विचारावं, असं मी मानतो. माझे काही सहकारी या क्रमावर माझ्याशी वाद घालतात.

एकदम सगळं बंद करू नका, असं सांगितलं. डोकं ठणकतं, चिडचिड होते आणि माणूस चौथ्या दिवशी पुन्हा टपरीवर दिसतो. आधी चारचा कॅन गेला, आठवड्यानं बाराचा, त्याच्या जागी शिफ्टच्या सुरुवातीला एक चहा. रात्री दोननंतर कॅफिन नाही. थंड पेयाची बाटलीही बंद, कारण तिच्यात कॅफिन कमी असलं तरी साखर भरपूर, आणि ती वर्षानुवर्षं पोटाचा घेर वाढवते. जाडीसोबत टेस्टोस्टेरॉन उतरतं. खिडकीला जाड पडदा लावला. तीन आठवडे संबंधांचा प्रयत्नच करायचा नाही, नुसतं जवळ झोपायचं. सुट्टीच्या रात्री कॅन तर नाहीच.

चांगली झोप होऊनही उठताना कधीच ताठरता नसेल, तर मात्र माझ्याकडे थांबू नये. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास कधीकधी आधी तिथंच दिसतो. अशा वेळी डॉक्टर गाठावा.

सहाव्या आठवड्यात तो आलाच नाही, बायकोचा फोन आला. "सर, हे दुपारी तीनपर्यंत उठत नाहीत आता. आणि बाकीचं..." ती थांबली. "बाकीचं बरंय."