परिपाठातलं भाषण आणि चेहऱ्यावरचं कोड

‘मॅडम, माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या ओठांजवळ आणि डोळ्याभोवती कोड आहे. शाहू जयंतीच्या परिपाठात तिला “माणूस दिसण्यावरून नव्हे, गुणांवरून ओळखावा” या विषयावर बोलायला सांगितलंय. बाईंचा हेतू चांगला आहे, पण ती रात्री रडते. भाषण करायला लावू की नको म्हणून सांगू?’

ताई, लगेच ‘हो’ म्हणू नका आणि तिच्या वतीने ‘नाही’ही कळवून टाकू नका. कोल्हापुरातल्याच एका सातवीतल्या मुलीबरोबर मी याच विषयावर काम केलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते सांगते.

तिला भाषण काकांनी लिहून दिलं होतं. रूप नश्वर आहे, फणस बाहेरून काटेरी पण आत गोड, नारळ कठीण पण आत पाणी, असं सगळं त्यात होतं. तिने ते घडाघडा म्हणून दाखवलं. पण ‘फणस’ आला की तिचा डावा हात हनुवटीवर जायचा आणि आवाज तळहातात अडकायचा. मी विचारलं, ‘हे ऐकताना वर्गातली पोरं कुणाकडं बघतील?’ ती म्हणाली, ‘माझ्याकडंच की. फणस मीच हाय न्हवं.’

अशा भाषणांत नेमकं हेच चुकतं. फणसाचं उदाहरण देणारा आधी मान्य करून टाकतो की बाहेरचं वाईट आहे, आणि मग आतल्या गोडीसाठी ते सोसून घ्या म्हणतो. ज्याच्या अंगावर डाग, व्रण किंवा जास्तीचं वजन आहे, त्या मुलाला यातलं फक्त ‘काटेरी’ ऐकू येतं. कोड असलेली कातडी काटेरीही नाही आणि खराबही नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून तेवढ्या जागेचा रंग जातो. तो कुष्ठरोग नाही, आणि शेजारी बसून, हात धरून किंवा एका ताटात जेवून तो कुणाला होत नाही.

दुसरी अडचण ‘दिसण्याकडे बघू नका’ या उपदेशाची आहे. डोळे बघणारच. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. लष्करी अधिकाऱ्यांना हाताखालच्या लोकांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगितले, तरी ते गुण एकमेकांत मिसळायचे. जो एका बाबतीत बरा वाटला, तो सगळ्यातच बरा ठरायचा. मुलांचंही तसंच होतं, आणि आपलं तसं होतंय हे त्यांना कळतही नाही. म्हणून बघू नका म्हणण्यापेक्षा एक प्रश्न हातात द्यावा: ‘मी याला काय करताना पाहिलंय?’ घेतलेला कंपास परत केला का? दुसऱ्याला शिक्षा होत असताना खरं बोलला का? एवढं पाहायला काही आठवडे लागतात. तोवर मत राखून ठेवायचं, हे बाराव्या वर्षीही जमतं.

मुलीला मी तीन वाटा दिल्या: भाषणच न करणं, कोडाचं नावही न काढता करणं, किंवा स्वतःबद्दल बोलणं. तिन्ही सारख्याच मानाच्या, आणि आदल्या दिवशीसुद्धा बदलता येतील अशा. आईला खोलीबाहेर बसायला सांगितलं होतं, कारण आईकडे बघून मुलं आईला हवं तेच उत्तर देतात. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, ‘मी बोलतो. पण माझं नाव त्यात नको.’

मग तिला काय खुपतं ते बोलत बसलो. चिडवण्यापेक्षाही तिला डबा खुपत होता. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे मध्ये ठेवले जायचे, पण तिच्या डब्यातली पोळी तशीच राहायची. कुणी काही बोलत नसे, फक्त हात येत नसत. तिथेच तिचं भाषण सापडलं. शाहू महाराजांच्या काळात गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायले आणि सोबतच्यांनाही त्यांनी पाजला. ती गोष्ट जातीची आहे, रूपाची नाही. जातीचा अन्याय फार मोठा आणि फार जुना, त्याची आणि कोडाची बरोबरी करू नये, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण हात आखडता घेणं दोन्हीकडे आहे, हे तिला माझ्याआधीच दिसलं होतं.

तिचं भाषण तीन मिनिटांचं, तीनशे शब्दांच्या आतलं झालं. त्यातला मधला भाग असा होता: ‘महाराजांनी भेदभाव करू नका असं नुसतं सांगितलं नाही. ते चहा प्यायले. आपल्याला हॉटेलात जायची गरज नाही. मधल्या सुट्टीत ज्याच्या डब्याला आपण कधी हात लावला नाही, त्याच्या शेजारी आज बसायचं. तो कसा दिसतो हे एका नजरेत कळतं. तो कसा आहे हे कळायला त्याच्याबरोबर जेवावं लागतं.’ शेवटची दोन वाक्यं तिची स्वतःची. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.

सराव पायरीपायरीने केला: आधी माझ्यासमोर, मग घरी भावासमोर, मग शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानात. हात तोंडावर जाऊ नये म्हणून दोन्ही हातांत कागद धरायला दिला. हात खाली ठेव, असं बजावलं असतं तर सगळं लक्ष हातातच अडकलं असतं. नंतर कुणी विचारलंच, तर छोटं उत्तर पाठ होतं: ‘हे कोड आहे. दुखत नाही, कुणाला लागत नाही. तुझी सहामाहीची तयारी झाली का?’ आधी माहिती, मग निर्धास्त करणं, मग विषय बदलणं. चेहऱ्यावर वेगळेपण असणाऱ्यांना हे तंत्र शिकवलं जातं, आणि ते चालतं, कारण समोरच्यालाही पुढे काय बोलावं ते सुचत नसतं.

भाषण नीट झालं. त्या दिवशी दोघीजणी तिच्याजवळ डबा घेऊन आल्या, पुढच्या आठवड्यात एकच येत होती. दोन मुलगे नावं ठेवत राहिले. ते भाषणाने थांबलं नाही. वर्गशिक्षिकेने त्यांना वेगवेगळं बोलावून, पालकांना कळवून थांबवलं. भाषणाकडून एवढी अपेक्षा धरू नये, आणि मुलीवर तर ते काम अजिबात टाकू नये.

तुमची मुलगी भाषणापुरतीच रडत असेल, तर वरचा रस्ता पुरेल. पण झोप, जेवण बिघडलं, ती शाळाच टाळू लागली किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलली, तर भाषण बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं. कोडासाठी त्वचारोगतज्ज्ञ आधीच पाहत असतील, तर त्यांनाही तिच्या मनःस्थितीबद्दल सांगा.

आज रात्री तिला तीन वाटा सांगा आणि उत्तराची घाई करू नका. उद्या बाईंना भेटून दोन गोष्टी मागा. एक, तिची ओळख करून देताना ‘हिचंच उदाहरण बघा’ किंवा ‘किती धीराची मुलगी’ असं काही म्हणू नये, फक्त नाव आणि इयत्ता सांगावी. दुसरी, याच विषयावर आणखी एका मुलाची तयारी करून ठेवावी, म्हणजे तिने ऐनवेळी नको म्हटलं तरी कार्यक्रम अडणार नाही आणि तिच्यावर ठपका येणार नाही.